शर्वरीची वही, समर्थची वही (सोसायटी ग्रुप, रविवार रात्र)

स्वाती माने, ए-२०१ (९:१२)
नमस्कार. हा विषय ग्रुपवर काढायचा नव्हता, पण दोन दिवस वाट बघितली, कुणी काही बोलायला तयार नाही. शर्वरीचा जलसुरक्षेचा प्रकल्प बाईंनी परत पाठवलाय. वर्गात तशीच दुसरी वही आली म्हणे. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे. रोज संध्याकाळी सातला वॉचमनमामांना हौदाचं झाकण उघडायला लावून, काठी सोडून माझी पोरगी पाणी मोजत होती, अख्ख्या सोसायटीनं बघितलंय. आणि आता काय, तर "दोघांनीही पुन्हा करून आणा."

गायकवाड काका, बी-२०२ (९:१५)
ते राहू द्या. सोमवारी १० हजार लिटर पाणी कुठं गेलं ते आधी सांगा.

अंबिका हिरेमठ, बी-१०२ (९:१९)
स्वाती वहिनी, नाव घ्यायचं तर घ्या की. समर्थनं कुणाच्या घरात शिरून वही पळवली नाही. मानेभाऊंनीच मंगळवारी रात्री त्या पानाचा फोटो इथं टाकला होता, "बघा पाणी किती लागतंय" म्हणून. ग्रुपवर आलं ते सगळ्यांचं.

रियाज शेख, बी-३०२ (९:२०)
मग रोज सकाळचे सुविचार पण माझेच का? उद्यापासून खाली नाव टाकतो 😄

कदम सचिव (९:२१)
कृपया शांतता राखावी. मुलांचा विषय आहे.

स्वाती माने (९:२४)
फोटो सोसायटीसाठी टाकला होता, शाळेत लावायला नाही. आणि वाईट कशाचं वाटतंय माहितीय? शर्वरीच्या पानावर लाल पेनानं खाडाखोड आहे, समर्थचं पान स्वच्छ, स्केचपेननं चौकटी. म्हणून बाईंना वाटलं हिनंच बघून लिहिलं असणार. पोरगी जेवली नाही त्या दिवशी.

गायकवाड काका (९:२६)
सोमवारी १० हजार ३५० लिटर. वहीत लिहिलंय. दुसऱ्या मजल्यावर पाहुणे होते, हे मी मागंच बोललो होतो.

स्वाती माने (९:२७)
काका, दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. पाहुणे कुणीही नव्हते.

बोल्ली काका, ए-३०१ (९:३०)
आमच्या चादरीचं हेच झालं की ओ. सोलापुरी चादरीला जीआय मिळाला, तरी बाहेरचा माल आणून वर सोलापुरी लेबल लावतात, आणि गिऱ्हाईक म्हणतंय सोलापूरची चादर आता पहिल्यासारखी राहिली नाही. माल त्यांचा, नाव खराब आमचं. मागावर मी सदतीस वर्षं काढली…

अंबिका हिरेमठ (९:३१)
काका, माझं पोर नववीत आहे. त्याला नकली माल म्हणू नका.

बोल्ली काका (९:३२)
पोराला कुठं म्हणालो ताई, लेबलाला म्हणालो.

देशमुख सर, ए-००१ (९:४१)
थोडं मोठं लिहितो, क्षमस्व. शर्वरी काल माझ्याकडे दोन्ही पानं घेऊन आली होती (दुसऱ्याचा फोटो वर्गातल्या मैत्रिणीनं दिला). मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे सवयीनं आधी चुकांकडे बघितलं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येणारच. चूक मात्र ज्याची त्याची असते. तीच चूक त्याच जागी दोन वह्यांत दिसली की एक वही दुसरीवरून उतरलेली.
आपला हौद ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद. म्हणजे पाणी १ सेंमी उतरलं की १५० लिटर गेलं. रविवारी काठीवर १८३ होतं. सोमवारी १४१. फरक ४२ सेंमी, म्हणजे ६ हजार ३०० लिटर. आपण साधारण ६० माणसं, माणशी १०५ लिटर. शहरासाठी माणशी १३५ लिटरचा निकष धरतात, त्यामुळे आकडा पटण्यासारखा आहे.
पण कच्च्या चिठ्ठीवरून वहीत उतरवताना पोरीनं १४१ चं ११४ केलं. मंगळवारी रात्री माने साहेबांनी फोटो काढला तो या चुकीसकट. बुधवारी ती आलेख काढायला बसली, रेघ एकदम खाली जाऊन आडवी झाली. तिला शंका आली, चिठ्ठी शोधली, लाल पेनानं दुरुस्ती केली. बाईंना दिसलेली खाडाखोड ती हीच.
समर्थच्या वहीत ११४ तसंच आहे. ज्याच्याकडे चिठ्ठी नाही, त्यानं काय ताडून बघायचं?

रियाज शेख (९:४४)
सर, एकदम सीआयडी 👏 म्हणजे गायकवाड काकांचे १० हजार ३५० लिटर हेच?

देशमुख सर (९:४५)
हेच. ११४ धरलं तर सोमवारी ६९ सेंमी उतरलं असं दिसतं, आणि मंगळवारी १०२ झालं म्हणजे फक्त १२ सेंमी. माणशी ३० लिटर. त्यावर समर्थनं निष्कर्ष लिहिलाय: "सोमवारी पाण्याचा अपव्यय झाला, मंगळवारी रहिवाशांनी काटकसर केली."

रियाज शेख (९:४६)
मंगळवारी मी गाडी धुतली होती 🙈

गायकवाड काका (९:४८)
आकडा चुकला असेल तर तसं आधी ग्रुपवर सांगायला हवं होतं. आठ दिवस मी लोकांना विचारत फिरतोय.

संजय माने, ए-२०१ (९:५०)
काका, बुधवारीच टाकलं होतं, दुरुस्त पानाचा फोटो. तुम्ही त्याखाली १० हजार लिटरचंच विचारलं होतं.

अंबिका हिरेमठ (९:५५)
बरं, उतरवलं. मान्य. पण सगळ्या वर्गात कोण स्वतः करतंय ते सांगा. गेल्या वर्षी शर्वरीचं पावसाचं पाणी साठवायचं मॉडेल मानेभाऊंनी रात्री दोनपर्यंत बसून केलं, पीव्हीसी पाइप कापण्याचा आवाज आमच्या बेडरूममध्ये येत होता. आमचे हे टूरवर असतात, मला शिवणाच्या ऑर्डरी. पैसेवाल्यांची पोरं स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प आणतात, त्यांना श्रेणी अ. आमच्या पोरानं फोटो बघून लिहिलं तर तो चोर.

स्वाती माने (९:५६)
चोर कुणी म्हणालं?

अंबिका हिरेमठ (९:५६)
म्हणायचं कशाला, "सगळ्यांना माहीत आहे" लिहिलं की झालं.

देशमुख सर (१०:०७)
हिरेमठ ताईंचा मुद्दा रास्त आहे. बापानं रात्री जागून केलेलं मॉडेल आणि फोटोवरून उतरवलेली वही, दोन्ही बाईंना एकच गोष्ट सांगतात, की हे मुलानं केलं. फरक बघायला मी शाळेत एकच प्रश्न विचारायचो: हे असंच का केलंस? शर्वरीला पाइप कशाला वाकवला ते सांगता येत असेल, तर मदत झाली म्हणू. नसेल, तर तेही तसलंच.
पण फोटो ग्रुपवर होता म्हणून चालतं, हे मला पटत नाही. आकडे घ्यायला हरकतच नव्हती, पाणी सगळ्यांचं, हौद सगळ्यांचा. समर्थनं वर एक ओळ लिहिली असती, "नोंदी शर्वरी माने हिच्या, हिशेब माझा", तर मी त्याला पूर्ण श्रेणी दिली असती. मग त्याला हिशेब खरोखर करावा लागला असता, आणि माणशी ३० लिटर आल्यावर तोच वर जाऊन विचारता झाला असता, की शर्वरी, हे बरोबर आहे का गं. त्यानं लिहिलंय "मी स्वतः निरीक्षण केले". खोटं आहे ते एवढंच, पण बाईंनी विश्वास ठेवला तो नेमका त्याच वाक्यावर.

बोल्ली काका (१०:०९)
बरोबर. लेबल.

रियाज शेख (१०:१२)
सर, एक गंभीर विचारतो. आमची सना रोज मैत्रिणीला गणिताचा होमवर्क देते. नाही दिला तर ती डब्याला सोबत बसत नाही. देणारा पण दोषी का?

देशमुख सर (१०:२०)
शेखसाहेब, देणाऱ्या मुलाला मी कधी घेणाऱ्याइतकी शिक्षा केली नाही. भीतीनं किंवा मैत्रीखातर दिलेलं असतं. पण नुकसान कुठं होतं ते सांगतो. होमवर्क तपासताना मास्तर गुण देतो तो भाग कमीच. खरं तर वर्ग कुठं अडलाय ते बघतो. चाळीसपैकी पस्तीस वह्यांत उत्तर बरोबर दिसलं की मी पुढच्या धड्याला जायचो. त्यातली वीस उतरवलेली असली, तर ती वीस पोरं पुढच्या धड्यात बुडाली, आणि मला पत्ता नाही. ज्याला खरंच येत नाही, पण जो प्रामाणिकपणे चुकीचं लिहून आणतो, तो एकटा ढ ठरतो. सनाला सांगा, उत्तर देऊ नको, डब्याच्या सुट्टीत पहिली पायरी सोडवून दाखव. मैत्रीण टिकायची असेल तर टिकेल.

गायकवाड काका (१०:२३)
म्हणजे सोमवारी ६ हजार ३००. तरी सिंटेक्सच्या टाकीला गळती आहे का बघावं, असं माझं मत आहे.

कदम सचिव (१०:२४)
गळतीचं सोमवारी प्लंबर बघेल. प्रत्येकी ४० रु. तयार ठेवा.

स्वाती माने (१०:२८)
सर, पण शिक्षा दोघांना का? पोरीनं मोजलं, चूक शोधली, दुरुस्त केली. उद्या तिनं काय शिकायचं, खाडाखोड करायची नाही?

देशमुख सर (१०:३१)
बाईंसमोर दोन सारख्या वह्या आहेत, खरी कोणती हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. तुम्ही कच्च्या चिठ्ठ्या घेऊन जा. सगळ्या आहेत ना? शाई पसरलेल्या, ओल्या झालेल्या, तशाच न्या. आणि गुरुवारचं पान दाखवा. गुरुवारी सकाळी पाणी आलं, हौद काठोकाठ भरला, आपण सगळ्यांनी मोटारी लावल्या. शर्वरीच्या वहीत २५२. समर्थच्या वहीत २२.

रियाज शेख (१०:३२)
फोटो मंगळवारपर्यंतचाच होता ना, पुढं रोज ४० वजा केलेत 😂😂 १०२, ६२, २२. सॉरी अंबिका ताई.

अंबिका हिरेमठ (१०:४०)
हसा. मी त्याला विचारलं आत्ता. तो म्हणतो मम्मी, पाणी आल्याचं मला लक्षातच नाही आलं. मी गप्प बसले.

स्वाती माने (१०:४३)
अंबिका, मी रागात लिहिलं. पण उद्या शाळेत जाणार आहे. समर्थचं नाव मी घेणार नाही, चिठ्ठ्या तेवढ्या दाखवते. तो स्वतः सांगत असेल तर बरं.

अंबिका हिरेमठ (१०:४९)
तो सांगेल. नाही सांगितलं तर मी सांगते. पण दुसऱ्यांदा करायचा प्रकल्प त्याचा त्यालाच करू द्या, हे सगळ्यांना हात जोडून. मानेभाऊंना सुद्धा.

संजय माने (१०:५०)
🙏

देशमुख सर (१०:५२)
उद्यापासून संध्याकाळी सातला मी खाली थांबतो. काठी शर्वरीची आहे, तिला विचारून घ्यायची. आठ दिवस, पाणी आलेला दिवस धरून.

कदम सचिव (१०:५५)
हौदाच्या झाकणाची चावी वॉचमनकडे एकच आहे. मुलांना एकटं सोडू नये. झाकण लावलं का ते बघणारा एक जण नेमावा लागेल.

गायकवाड काका (१०:५६)
मी बघतो. आकडा पण मीच बघणार.