मदत हवी आहे: एक कविता लिहून हवीय, पण कसली ते सांगितलेलंच नाही

मधलीआळी (रविवार, रात्री ११:१०)
मावशीचा फोन आला. "तू कविता करतोस म्हणे. मग मला एक लिहून पाठव." कशावर, विचारलं तर म्हणाली, "तुला सुचेल ती." आनंदी हवी का, देवाची हवी का, वाढदिवस वगैरे आहे का, सगळ्याला एकच उत्तर: "तुला सुचेल ती." येत्या गुरुवारी ती परत फोन करणार आहे. चार दिवस वही उघडून बसलोय आणि एक ओळ नाही. विषय आधी ठरवू, वृत्त आधी ठरवू की भाव? जाणकारांनी पटकन सांगा. कृपया 'मनापासून लिहा' असं कुणी लिहू नका.

सुलेखा_व
आधी भाव ठरवा. हळवी, विनोदी की भक्तिपर? भाव ठरला की शब्द आपोआप येतात. माझं तरी असंच होतं.

रदीफदार
भाव बिव नंतर. आधी जमीन हवी. शेराच्या शेवटी परत परत येणारा एक रदीफ धरा, त्याच्याआधी यमक जुळवणारे तीन-चार काफिये कागदावर मांडा, विषय काफियेच सुचवतात. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे 'विषय नाही' ही अडचणच उरत नाही. पाच शेर, विषय संपला.

आबाकाका
पंधरा ऑगस्टसाठी हवी असेल तर माझ्याकडे एक तयार आहे. नातीने शाळेत म्हटली होती, दुसरा नंबर आला. व्यनि करा.

तळटीप
मधलीआळी, मावशी ती कविता वाचणार आहेत की ऐकणार?

मधलीआळी
@आबाकाका, पंधरा ऑगस्ट नाहीये हो.
@तळटीप, व्हॉट्सॅपवर पाठवणार. त्याने काय फरक पडतो?

तळटीप
बराच पडतो. त्या स्वतः वाचतात का व्हॉट्सॅप?

मधलीआळी
नाही. ७८ वर्षांची आहे, डोळ्यांना कमी दिसतं. शेजारची मुलगी, पाचवीतली, संध्याकाळी येऊन सगळे मेसेज वाचून दाखवते.

तळटीप
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. तुम्हाला वाटतंय की काहीच ठरलेलं नाही, पण निम्मं ठरूनच आलंय. कविता कानासाठी आहे. ती वाचणार दहा-अकरा वर्षांची मुलगी, तयारी न करता, एकदाच, बहुतेक उभ्या-उभ्या. म्हणजे ओळ लहान हवी, एका श्वासात संपणारी. ओळ कुठे संपते ते ऐकणाऱ्याला कळायला हवं, म्हणजे यमक हवं. मुक्तछंद इथे फसेल. कागदावर ओळ जिथे मोडते तिथेच ती पोरगी थांबेल याची खात्री नाही, आणि तसं झालं की मावशींना ते पत्रासारखं ऐकू येईल. गझल चांगलीच, पण लांब ओळीत रदीफ येईपर्यंत पाचवीतलं मूल दोनदा अडखळेल.

अष्टाक्षरी घ्या. आठ अक्षरांची ओळ, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. तीन कडवी, जास्त नाही. विषय अजून ठरवू नका.

रदीफदार
छोट्या बहरची गझल असते, साहेब. प्रत्येक गझल म्हणजे मालगाडी नव्हे.

तळटीप
मान्य. पण चार दिवसांत छोट्या बहरची गझल मी तरी लिहू शकत नाही. तुम्ही लिहीत असाल तर नमस्कार घ्या.

दुबईकर
आमच्या मंडळात गणपतीत मला असंच सांगितलं होतं, "एक कविता कर, काहीही चालेल." मी अभंगाच्या चालीत केली. सहा-सहा-सहा-चार. वाचायला सुरुवात केली तर मागच्या रांगेला वाटलं आरती सुरू झाली, सगळे उठून उभे राहिले, टाळ्याही धरल्या. कविता पार्किंगच्या जागेवर होती. तर छंद जपून निवडा, लोक छंदावरून आधीच समजूत करून घेतात.

जयंत ग.
अष्टाक्षरी सगळ्यात सोपी. आठ अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. फक्त जोडाक्षर दोन धरायचं.

तळटीप
ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही हे बरोबर. जोडाक्षर मात्र एकच. 'त्याच्या' ही दोन अक्षरं, चार नव्हेत. तुमच्या डोक्यात मात्रांचा हिशोब आहे. तिथे जोडाक्षराच्या आधीचं अक्षर जड होतं, म्हणजे 'सत्य'मधला 'स' दोन मात्रांचा. तिथेही अक्षरं वाढत नाहीत. आणि 'तुझ्या'त तर 'तु'वर जोरच येत नाही, तो हलकाच राहतो.

जयंत ग.
आम्हाला शाळेत दोनच शिकवलं होतं.

मधलीआळी (सोमवार, रात्री १०:४०)
ठीक आहे, अष्टाक्षरी. पण लिहू कशावर? मावशी, गाव, लहानपण, सुट्टी, आई, सगळंच येतंय डोक्यात.

तळटीप
ते सगळं येतंय म्हणूनच अडलंय. 'मावशी' हा विषय तीन कडव्यांत मावत नाही. तिच्या घरातली एक वस्तू सांगा, जी ती रोज हाताळायची आणि जी आठवली की तुम्हाला तिचा आवाजही ऐकू येतो. भावाचा विचार आत्ता करू नका.

सुलेखा_व
भावाशिवाय कविता कशी होईल? मग ती यादी होते.

मधलीआळी
मागल्या दारातला तांब्याचा बंब. मे महिन्यात आम्ही सात-आठ पोरं असायचो. ती जळण सारायची आणि आम्ही ओळीत उभे. आज दुपारी डबा खाताना हे झालं:

तुझ्या मागल्या त्या दारात
उभा तांब्याचा तो बंब
स्मृतिगंध दरवळे
मन होई ओलेचिंब

सुलेखा_व
सुरेख! शेवटच्या दोन ओळी अगदी आतून आल्यात.

तळटीप
मला उलट वाटतं. पहिल्या दोन ओळी तुमच्या आहेत, शेवटच्या दोन कुणाच्याही असू शकतात. खरं सांगा, कविता हळवी करायची हे आधीच ठरवून बसला होतात ना?

मोजून पाहू. तु-झ्या-मा-ग-ल्या-त्या-दा-रा-त, नऊ झाली. 'त्या' काढा, आठ होतात. दुसऱ्या ओळीत आठ आहेत, पण 'तो' भरीचा आहे. मोठ्याने म्हटलं की भरीचं अक्षर पायऱ्या उतरताना नसलेली पायरी शोधावी तसं लागतं. तिसऱ्या ओळीतली अक्षरं आठच, पण 'स्मृतिगंध' पाचवीतल्या मुलीला एकदम वाचता येणार नाही. आणि बंबापाशी वास असतो धुराचा. चौथ्या ओळीत तुम्ही मावशींना सांगताय की तुम्हाला काय वाटतं. त्याऐवजी त्या तिथे काय म्हणायच्या ते लिहा.

मधलीआळी
"थांब रे, कढत आहे!" दुसरं काय म्हणणार. सगळ्यांना तेच.

तळटीप
मग तेच लिहा की.

शमा_रत्नागिरी
अवांतर: तांब्याचा बंब असेल तर मोडीत देऊ नका. आमच्याकडे दिला, अजून हळहळ वाटते. चिंच आणि मीठ लावून घासला की आरशासारखा होतो. वर्षानुवर्षांचं काळं असेल तर आदल्या रात्री चिंचेचा कोळ फासून ठेवावा.

आबाकाका
पितांबरी पावडरने लवकर होतो.

शमा_रत्नागिरी
लवकर होतो, पण चिंचेची झळाळी येत नाही.

दुबईकर
बंबाची तोटी गळायची का तुमच्याकडे? आमच्याकडे चिंधी बांधलेली असायची.

मधलीआळी (मंगळवार, सकाळी ७:५०)
लोकहो, तोटी राहू द्या. हे बघा:

तुझ्या मागल्या दारात
काळा पडलेला बंब
पाणी कढत म्हणून
तुझी हाक येई, 'थांब'

मोजलं, चारही ओळी आठ-आठ. 'त्या' आणि 'तो' दोन्ही गेले. 'काळा पडलेला' हे मला आवडलंय, इतक्या वर्षांचा धूर आला त्यात.

तळटीप
आता कविता झाली. आणि बघा, हळवी करायला गेला नाहीत तरी हळवी झालीच आहे, थोडी हसरीसुद्धा. @सुलेखा_व, मी भाव नको म्हणत नव्हतो. तो शेवटी येतो आणि आपला आपण येतो, एवढंच.

सुलेखा_व
तुमच्याकडे येत असेल. मी भाव धरल्याशिवाय पेन उचलूच शकत नाही, आणि माझ्याही कविता छापून आल्यात. मला ही चांगली वाटली, पण 'ओलेचिंब' गेल्याचं वाईट वाटलं.

रदीफदार
यमकाचं काय? 'बंब' आणि 'थांब'. एकाच्या आधी 'अ', दुसऱ्याच्या आधी 'आ'. गझलेत हे चालणार नाही, अलामत मोडते. 'लांब-थांब' चालेल, 'बंब-थांब' नाही.

तळटीप
गझलेत नाहीच चालणार. पण ही गझल नाही. '-ंब' चा ठोका कानाला मिळतो, आणि त्या मुलीने 'थांब' जरा ओरडून म्हटलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रदीफदार
लक्षात येत नाही म्हणून चूक बरोबर होत नाही.

तळटीप
यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. मधलीआळी, दुसऱ्या कडव्यात बंब सोडू नका. जळण कुठून यायचं, राख कुठे जायची, पहिला नंबर कुणाचा असायचा, यातलं एक घ्या. तिसऱ्यात आत्ताचा दिवस.

दुबईकर
अंघोळीत पहिला नंबर नेहमी पाहुण्यांच्या मुलांचा. अन्याय होता तो.

मधलीआळी (गुरुवार, रात्री ९:३०)
अपडेट. तिन्ही कडवी झाली, काल पाठवली. दुसरं राखेने भांडी घासण्यावर आहे. तिसरं सुमार आहे, ते इथे टाकत नाही. आज मावशीचा ठरल्याप्रमाणे फोन आला. मुलीने दोनदा वाचून दाखवली म्हणे. कशी वाटली विचारायच्या आतच मावशी सुरू झाली: "काळा पडलेला? माझा बंब काळा कधी होता रे? दर शनिवारी चिंच लावून घासत होते मी. तू आंघोळ करून पळायचास, तुला काय दिसणार!" मग म्हणाली, "ते बदल आणि परत पाठव. जावेला वाचून दाखवायची आहे."

शमा_रत्नागिरी
बघा! चिंचच.

तळटीप
तुमच्या सगळ्यात आवडत्या शब्दांवरच बोट ठेवलं त्यांनी. काय केलंत मग?

मधलीआळी
फोनवरच बदललं:

तुझ्या मागल्या दारात
लख्ख घासलेला बंब

आठच आहेत, मोजली. धूर गेला त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

जयंत ग.
'लख्ख'ची तीन धरा. नऊ होतात.