मदत हवी: ६२ रुपयांची टाइल बसवून १५५ ला कशी पडते?

होटगीरोडवाला:
अर्जंट आहे, उद्या सकाळी ठेकेदाराला हो-नाही सांगायचंय. हॉलला टाइल्स बसवायच्यात. दुकानात ६२ रुपये फूट सांगितलं, मिस्त्रीची मजुरी ३० रुपये फूट. झाले ९२. ठेकेदार म्हणतो सगळं धरून १५५. मधले ६३ रुपये कुठं गेले? लुटतोय का हा? १९८ फुटाचा हॉल आहे, ताजमहाल नाही. सोलापुरात हल्ली कोणी बसवून घेतल्या असतील तर रेट सांगा.

सुमन_ताई:
आम्ही मागच्या दिवाळीत बाथरूमला बसवल्या, १३० पडला सगळा मिळून. पण भिंतीला वेगळा रेट असतो आणि आमच्यात नळाच्या जागी भोकं पाडायची होती, त्याचे भोकामागे पैसे घेतले. ते आधी विचारून घ्या.

होटगीरोडवाला:
ताई, हॉल आहे हो. जमीन. नळ नाही.

बाळेकर_मिस्त्री:
भाऊ, टाइलचा साइज काय? २ बाय २ की २ बाय ४? खाली सिमेंट-वाळूचा थर घालणार की चिकटवायच्या केमिकलवर बसवणार? जुनी फरशी आहे का? कितवा मजला? यातलं काहीच सांगितलं नाही आणि रेट विचारताय.

होटगीरोडवाला:
२ बाय ४ व्हिट्रिफाइड. हॉल १८ बाय ११. जुनी मोझॅक फरशी आहे, ती न काढता वर बसवायची. दुसरा मजला, लिफ्ट नाही. एवढ्यानं काय फरक पडतो?

हिशेबी_माणूस:
साधा हिशेब आहे. १० टक्के वेस्टेज डोळे झाकून धरायचं. १९८ चे २१८ फूट. बॉक्समध्ये १६ फूट बसतात, म्हणजे १४ बॉक्स घ्या आणि विषय संपवा.

बाळेकर_मिस्त्री:
१४ घेतले तर काम अडकेल. बॉक्सवर बघा, १.४४ चौ. मी. छापलेलं असतं. २ बाय ४ म्हणतो आपण, पण टाइल ६०० बाय १२०० मिलिमीटर असते, पूर्ण दोन फुटाला पावइंचापेक्षा जास्त कमी. दोन टाइल्सचा बॉक्स साडेपंधरा फूट भरतो. दुकानदार १६ नं गुणतो.

आणि टक्केवारीपेक्षा खोलीत टाइल कशी बसते ते बघावं लागतं. लांबी १८ फुटाच्या दिशेनं ठेवली तर एका ओळीत चार अख्ख्या बसतात आणि साधारण पावणेसत्तावीस इंचाचा तुकडा लागतो. तो कापला की उरतो साडेवीस इंच. तो पुढच्या ओळीला पुरत नाही, म्हणजे ओळीला पाच टाइल्स गेल्याच. अशा पाच ओळी झाल्यावर भिंतीकडे साडेतेरा इंचाची पट्टी राहते. एका टाइलमधून तशी एकच निघते, उरलेली दहा इंची असते. तिथं आणखी पाच. एकूण ३० टाइल्स, १५ बॉक्स. तुमच्या १४ मध्ये २८ च येतात. दोन टाइल्स नंतर आणायला गेलात आणि त्याच बॅचच्या मिळाल्या नाहीत, तर शेड वेगळी दिसते. मी तर एक बॉक्स जास्तच न्यायला सांगतो, न फोडलेला दुकानदार परत घेतो का ते आधी विचारून.

हिशेबी_माणूस:
म्हणजे १७ टक्के वेस्टेज? मग ठेकेदार बरोबरच लुटतोय की.

बाळेकर_मिस्त्री:
सगळं वेस्ट नाही जात. स्कर्टिंग कशातून काढणार? दारं वगळून या हॉलला ५२ रनिंग फूट लागेल. त्या साडेवीस इंची तुकड्यांतून आणि दहा इंची पट्ट्यांतून चार इंचाचं स्कर्टिंग आरामात निघतं, नवीन टाइल लागत नाही. म्हणून त्याला विचारा, स्कर्टिंगसाठी टाइल वेगळी धरली आहे का? धरली असेल तर तिथं तुमचे पैसे जातात.

अण्णा_शेळगी:
केमिकल-बिमिकल कशाला? आमच्या वडिलांनी सिमेंटच्या घोळावर फरश्या बसवल्या, चाळीस वर्षं हलली नाही एक. ही सगळी कंपन्यांची टूम. आणि सोलापूरच्या उन्हात शहाबादी फरशीसारखं थंड काही नाही. एप्रिलमध्ये दुपारी उघड्या अंगानं फरशीवर पडून बघा.

बाळेकर_मिस्त्री:
अण्णा, शहाबादीला घोळ धरतो कारण तो दगड पाणी पितो. व्हिट्रिफाइड पाणी पितच नाही, आणि खाली पॉलिश केलेला मोझॅक, तोही पीत नाही. मधला घोळ दोन्हीकडं नुसता चिकटून बसल्यासारखा राहतो, दोन वर्षांत टाइल बद्द वाजायला लागते. नवीन थरावर सिरॅमिक असतं तर तुमचं म्हणणं मान्य होतं.

अण्णा_शेळगी:
आमच्या नाही वाजत.

होटगीरोडवाला:
शहाबादीचं नंतर बघू. १५५ चं सांगा कोणीतरी.

जीएसटी_त्रस्त:
६२ जीएसटीसह की वेगळा? माझ्या वेळी तिथंच घोळ झाला.

होटगीरोडवाला:
वेगळा. १८ टक्के. तो तर सगळ्यांनाच असतो, म्हणून लिहिलं नाही.

बाळेकर_मिस्त्री:
मग धरा. बॉक्स १६ फुटानं ९९२, जीएसटी धरून ११७०. पंधरा बॉक्सचे १७,५५० आणि तुमच्या १९८ फुटावर टाकले की टाइलच फुटाला ८९ रुपये झाली. ६२ चा आकडा तिथंच गेला.

केमिकल: २० किलोची गोणी तीन मिलिमीटर थराला ४५-५० फूट जाते. मोठ्या टाइलला खाली दातेरी थापीनं आणि टाइलच्या पाठीलाही लावावं लागतं, त्यामुळं मी गोणीला ३५ फूटच धरतो. सहा गोण्या, ५२० नं ३,१२०. मजुरी ५,९४०. स्कर्टिंग कापून बसवायचं रनिंग फुटाला १८ नं ९३६. टेम्पो आणि दोन मजले हमाली मिळून हजारेक, सांध्याचं ग्राउट, स्पेसर सहाशे. एकूण २९,१५०, फुटाला १४७ च्या आसपास. ठेकेदाराचे ३०,६९० होतात. वरचे दीड हजार त्याच्या देखरेखीचे आणि एखादी फुटली तर तिचे. लूट नाही म्हणणार मी, पण १५५ मध्ये स्कर्टिंग आणि मोझॅकला छिन्नीनं टाचे मारून खरबरीत करणं आहे का ते लिहून घ्या. टाचे न मारता केमिकल लावलं तर सगळं फुकट.

आणि पहिली टाइल दाबून बसवली की लगेच उचलायला लावा. पाठीवर कोपऱ्यापर्यंत केमिकल लागलेलं दिसलं पाहिजे. मधे पाच ढेकळं ठेवून टाइल टेकवली असेल तर तिथंच थांबवा. गोण्या कमी लागल्या असं सांगणारे तसंच करतात.

हिशेबी_माणूस:
मोझॅकला उतार असेल तर सहा गोण्यांत होत नाही. माझ्या भावाकडं एका कोपऱ्यात सहा मिलिमीटर गेलं, दहा गोण्या लागल्या.

बाळेकर_मिस्त्री:
ते खरं आहे. आडवा दोरा लावून बघितल्याशिवाय गोण्या कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही.

सुमन_ताई:
दारं घासावी लागतील का हो? जमीन वर येणार ना?

होटगीरोडवाला:
आत्ता फोन केला. स्कर्टिंग वेगळं म्हणाला, ३० रुपये रनिंग फूट, टाइल त्याची. टाचे "लागले तर बघू" म्हणाला. आणि दारांचं ताई, विचारलंच नाही. दोन दारं आहेत, एक बाल्कनीचं लोखंडी. ते कसं घासणार?