अनुभव धागा : उतरायचं एका देशात, पुढचं विमान दुसऱ्या देशातून. मधला वेळ कसा मोजलात?

तापीकाठची
आज सकाळी शेजारच्या काकू मुक्तिनाथची तिकिटं दाखवायला आल्या आणि आमची यात्रा आठवली. मुंबईहून गोरखपूरला विमान, तिथून गाडीने सुनौली, बॉर्डर ओलांडून भैरहवा आणि भैरहव्याहून काठमांडूचं विमान. एजंटने कागदावर लिहून दिलं होतं, उतरणार ११:२०, पुढचं विमान ४:००, मध्ये ४ तास ४० मिनिटं, आरामात. माझे मामा भुसावळला रेल्वेत गार्ड होते, त्यांनी कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न, हे ४ वाजता कुठल्या घड्याळाचे? नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, म्हणजे तिथले ४ म्हणजे आपले पावणेचार. मग तिकिटाच्या मागेच पेनने मांडलं, सगळं भारतीय वेळेत. सामान घेऊन बाहेर ११:५०, शंभरेक किलोमीटर रस्त्याला पावणेतीन तास धरले तर सुनौली २:३५, बॉर्डरला अर्धा तास, ३:०५, तिथून विमानतळ ३:२०. काउंटर अर्धा तास आधी बंद, म्हणजे नेपाळचे ३:३०, आपले सव्वातीन. एजंटच्या हिशोबात १० मिनिटं हातात होती, मामांच्या हिशोबात ५ मिनिटं कमी. तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं केलं, रात्री भैरहव्याला राहिलो, लुंबिनीही झालं. तुमचे असे अनुभव सांगा.

केळीवाला रावेर
विमान कशाला ताई, भुसावळहून गोरखपूरला कुशीनगर एक्सप्रेस थेट जाते

तापीकाठची
हो पण आईचे गुडघे दुखतात भाऊ, एवढा वेळ ट्रेनमध्ये बसवत नाही

धुळेकर_परदेशी
मी तर सरळ सगळ्या वेळा भारतीय करून घेतो, लेकाकडे शिकागोला जाताना फ्रँकफर्टचं पण तसंच केलं, गोंधळच नको

आकाशमार्ग (तिकीट बुकिंगमध्ये काम केलंय)
परदेशीभाऊ, उत्तर बरोबर येईल पण तिथे गरज नाही. फ्रँकफर्टला उतरायची वेळ फ्रँकफर्टचीच छापलेली आणि निघायची पण फ्रँकफर्टचीच, सरळ वजा करा. उगाच दोन्ही बदलताना एकात साडेतीन तास धरले आणि एकात साडेचार तर तास उडाला. घड्याळं जुळवायची ती ताईंसारखी केस असेल तर, उतरायचं विमानतळ वेगळं, चढायचं वेगळं. तेव्हा पण कुठलंही एकच घड्याळ धरायचं आणि काउंटर बंद व्हायची वेळसुद्धा त्याच घड्याळात आणायची, लोक विमानाची आणतात आणि काउंटरची विसरतात. आणि उलट येताना हीच १५ मिनिटं तुमच्या बाजूने, काठमांडूहून भैरहव्याला १२ ला उतरलात तर गोरखपूरच्या विमानासाठी पावणेबारापासून मोजा.
एका जागी मात्र एकाच विमानतळावर सुद्धा वजाबाकी फसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री ११ ला फ्रँकफर्टला उतरलात आणि रविवारी सकाळी ६ चं विमान असलं, कागदावर ७ तास, बसाल ८. त्या रात्री युरोपची घड्याळं तासभर मागे घेतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं, ६ च मिळतात. पण शनिवारची रात्र म्हणजे रविवारच्या आदली, ऑक्टोबरचा शेवटचा दिवस शनिवार असेल तर ती रात्र आठवडाभर आधीची, कॅलेंडर बघून घ्या.

धुळेकर_परदेशी
साडेतीन साडेचारचं पटलं. लेकाला पाठवतो हे

सुनंदा_चोपडा
आम्हाला ट्रान्झिट व्हिसा लागेल का? लंडनला ५ तास आहेत

आकाशमार्ग
ताई तो वेगळा विषय, पण एक बघा, हीथ्रोला उतरून गॅटविकहून निघणार असाल तर विमानतळाबाहेर पडावं लागतं, मग व्हिसाचा प्रश्न येतोच. दोन्हीकडे कोड बघा, `LHR` आणि `LGW`.

सुनंदा_चोपडा
दोन्ही LHR च आहे, विमानतळ तरी बदलायचा नाही. व्हिसाचं वेगळं विचारून घेते

नंदुरबारी
सुनौलीला माझ्या फोनने आपलीच वेळ दाखवली, पलीकडे बाजारात पोहोचलो तरी. भारतीय सिम होतं. भिंतीवरच्या घड्याळाने सांगितलं

केळीवाला रावेर
माझ्या भावाच्या फोनने बॉर्डरच्या अलीकडेच नेपाळची दाखवली, चहा पिताना

नंदुरबारी
टॉवर कुठला पकडतो त्यावर असेल. मी तर सेटिंगमधून आपोआप वेळ बंदच करतो आणि मनगटावर घड्याळ

तापीकाठची
मामांनी पण तेच केलेलं, दोन घड्याळं, दोन्ही हातांत. काकूंना सांगितलं आत्ता, त्यांचं भैरहव्याचं विमान ५ चं आहे, बाकी सगळं तसंच, म्हणजे ५५ मिनिटं हातात

आकाशमार्ग
बॉर्डरला ट्रकांची रांग लागली तर ५५ पुरणार नाहीत. सणासुदीचे दिवस आहेत का?

तापीकाठची
दसऱ्याच्या आठवड्यात

नंदुरबारी
नेपाळात दशैं तेव्हाच, भयंकर गर्दी. मग सकाळचंच घ्या म्हणावं. आणि ओळखीसाठी पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड जवळ ठेवा

केळीवाला रावेर
काकूंना म्हणावं जाताना वेफर्स घेऊन जा, आमच्याकडचे, ताजे तळून देतो. किती जण आहेत?

तापीकाठची
अकरा. विचारून सांगते भाऊ, मिरीवाले आहेत ना?