मदत हवी आहे : प्रवासखर्चावरही टीडीएस कापावा का?

२०२५-२६ मध्ये एका महाविद्यालयात घेतलेल्या अतिथी व्याख्यानांचे ६०,००० रुपये मानधन आणि ८,००० रुपये प्रवासखर्च असे मला देय होते. मानधन ५०,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे असल्याने कलम १९४जे खालील १० टक्के कपात योग्यच आहे. परंतु ती ६८,००० वर, म्हणजे ६,००० ऐवजी ६,८०० रुपये झाली. मी पॅन दिला होता, प्रवासाचे देयक मूळ तिकिटांसह स्वतंत्र सादर केले होते, आणि त्यात कोणताही नफा नाही. लेखा विभाग १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ कडे बोट दाखवतो, ज्यात प्रतिपूर्तीसह संपूर्ण देयकावर कपात सांगितली आहे. फॉर्म २६एएसमध्येही ६८,००० दिसत आहेत. देयक स्वतंत्र असतानाही हे परिपत्रक लागू होते का, आणि महाविद्यालयाने विवरण दुरुस्त केले नाही, तर माझ्या विवरणपत्रात हे ८,००० रुपये कसे दाखवावेत?