व्हीपीएन लावून भाव पाहिलेत का? अनुभव सांगा

रानवारा
आज फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण झाल्याचा मेल आला, पूर्ण दराने. तीन वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. तेव्हा व्हीपीएनवर दुसऱ्या देशाचा सर्व्हर निवडून तेच पान उघडलं होतं. माझ्याकडे १०० पडत असतील, तर तिथे ३८. माझं कार्ड घेतलं नाही, म्हणून एका विक्रेत्याकडून त्या देशाचं गिफ्ट कार्ड घेतलं आणि बिलिंगच्या रकान्यात तिथल्या एका हॉटेलचा पत्ता टाकला.
अकरा महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी खातं निलंबित. क्लाउडवर ताईच्या लग्नाचे सगळे फोटो. मदत केंद्राने अटींतलं कलम पाठवलं : राहता देश खोटा सांगू नये. फोटो उतरवून घ्यायला १४ दिवस मिळाले, पैसे बुडाले. त्या १४ दिवसांत मी नीट झोपले नाही. तुमच्या बाबतीत काय झालं?

चिंचोका
बापरे. फोटो मिळाले ना सगळे?

रानवारा
हो, सगळे.

काटकोन
तुझ्या प्रकरणात व्हीपीएनपेक्षा तो हॉटेलचा पत्ता जड गेला. कोणत्या देशाचा भाव दाखवायचा हे आयपीवरून ठरतं, पण पैसे घेताना कार्ड बघतात. कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कोणत्या देशातल्या बँकेचं आहे ते कळतं. म्हणून भाव दिसतो आणि कार्ड मात्र नाकारलं जातं. गिफ्ट कार्डाने ती पायरी ओलांडता येते, पण पुढे वर्षभर तू रोज घरच्याच इंटरनेटवरून लॉगिन करतेस. पत्ता एका देशाचा, वापर दुसऱ्या देशातून. हे जुळत नाही हे त्यांना कधीही दिसू शकतं.
स्टीमच्या करारात राहण्याचं ठिकाण लपवायला प्रॉक्सी वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. २०२१ पासून तिथे देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. यूट्यूब प्रीमियमने २०२४ मध्ये अशी स्वस्त देशातून घेतलेली सदस्यत्वं रद्द केली होती.
लॉगिन न करता नुसता भाव पाहिला, तर बंद करायला खातंच नसतं. धोका सुरू होतो तो देश जाहीर करून पैसे भरल्यावर.

गवतफूल
मला व्हीपीएनवर मॅच दिसत नाहीये दोन दिवस. कुणाला दिसतेय का?

चिंचोका
गवतफूल, तो वेगळा धागा आहे गं, तिथे विचार.

दुपारतिवारी
विमानाच्या तिकिटाला इनकॉग्निटो पुरतं. कुकीज असल्या की पुन्हा पाहिल्यावर भाव चढवतात. मी नेहमी कुकीज पुसूनच बुक करतो.

पायवाट
दुपारतिवारी, भाव चढतो हे खरं, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. एकाच रांगेतल्या सीट वेगवेगळ्या भाडेवर्गांत विकतात. स्वस्त वर्गातल्या संपल्या की पुढचा वर्ग दिसतो, तुम्ही पाहा किंवा पाहू नका.
देशानुसार फरक मात्र मी स्वतः पाहिलाय, कारण तिकीट कोणत्या देशात विकलं जातंय यावर काही भाडी ठरतात. माझं एक तिकीट इथे १००, दुसऱ्या देशाच्या पानावर ९३. व्हीपीएन लागलंच नाही, विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच वर देश बदलायची सोय होती. कार्डावर परकीय चलनाचं साडेतीन टक्के शुल्क लागलं, म्हणजे झाले ९६ च्या वर. मग आईचं आजारपण आलं, तिकीट रद्द केलं. परतावा त्या दिवशीच्या दराने आला आणि शुल्क परत आलंच नाही. शेवटी मीच खड्ड्यात. आता अंतिम आकडा आपल्या चलनात, शुल्कासकट मांडून झाल्याशिवाय पुढे जात नाही.

चिंचोका
आई बऱ्या आहेत ना आता?

पायवाट
हो, फिरायला जाते रोज.

ओलीमाती
मी मुद्दाम काहीच केलं नाही तरी अडकले होते! ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन असतं, त्याचा सर्व्हर परदेशात. त्यावरून एक ॲप विकत घेतलं, चलन भलतंच दिसलं, घाईत लक्ष गेलं नाही. खात्यावर तोच देश नोंदला गेला. मदत केंद्राला पावती आणि ऑफिसचं पत्र पाठवलं, चार दिवसांत सरळ केलं त्यांनी. देश आधी पाहा, मग बटण दाबा.

दुपारतिवारी
पण हा गुन्हा आहे का? पोलीस वगैरे?

काटकोन
अटी मोडणं म्हणजे त्या कंपनीबरोबरचा करार मोडणं. खातं आणि पैसे जाणं हा त्याचा नेहमीचा परिणाम. व्हीपीएन वापरणंच चालतं का, हे देशोदेशी वेगळं आहे, ते आपापल्या ठिकाणचं बघावं लागतं.

वेलदोडा
माझं उलटं आहे. मी खरंच देश बदललाय, जुन्या खात्यात जुन्या चलनात शिल्लक आहे. देश बदलायला गेलो तर आधी शिल्लक शून्य करा म्हणतात. आणि तीत घेण्यासारखी एवढी छोटी वस्तूच नाही. काय करावं?

ओलीमाती
मदत केंद्राला लिहिलंस का? स्थलांतराचा कागद जोडून बघ.

वेलदोडा
दोनदा लिहिलं. ठरावीक उत्तर येतंय. आज पुन्हा लिहितो, कुकर लावून आलोच.