लेखी ओके दिलं, आता म्हणतात 'काम पसंत नाही'. उत्तर काय लिहू?

रंगरेषा (सांगली)
मी पॅकेजिंग डिझाईन करते. मार्केट यार्डातल्या एका बेदाणा व्यापाऱ्यासाठी अर्धा किलोच्या बॉक्सचं डिझाईन केलं. ठरले 24,000, निम्मे आधी मिळाले. 4 जूनला त्यांचा मेल आला, 'डिझाईन ओके आहे, छपाईला द्या.' 6 जूनला फाईल दिली. छापखाना त्यांच्याच ओळखीचा, कुपवाडचा. 11 जुलैला मेसेज आला: 'काम समाधानकारक नाही. हिरवा रंग मेलेला वाटतो, पाहुण्यांनाही आवडलं नाही. नवीन करून द्या, मग बाकीचं बघू.' संबंध बिघडवायचे नाहीत, पण फुकटात दुसरं डिझाईनही करायचं नाही.

कृष्णाकाठ
एमएसएमई कायदा आहे की. 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर व्याज. सरळ नोटीस धाडा.

अल्बमवाला_सातारा
आमच्याकडे नवरदेवाच्या मामाने अल्बम परत केला. म्हणे मामी तीनच फोटोत आहे! ती मांडवात आलीच उशिरा, मी काय करू? तुम्ही पुढच्या वेळी सगळे पैसे आधीच घ्या.

जुना_छापखानेवाला
मामीचं राहू द्या. ताई, आधी एक सांगा. ओके दिलेली फाईल आणि छापखान्यात गेलेली फाईल एकच आहे का? मधे काही बदललं?

रंगरेषा
फक्त एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर टाकला. तो त्यांनीच 5 तारखेला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता.

जुना_छापखानेवाला
मग ते उत्तरात आपणहून लिहा. नाहीतर उद्या म्हणतील, मी पाहिलं ते वेगळं होतं.

आता रंगाचं. मोबाईलवरचा चकचकीत हिरवा चार शाईंच्या छपाईत तसा उतरतच नाही, थोडा मातकट होतो. तुम्ही फाईल छपाईच्या रंगात दिली असेल आणि मशीन चालू व्हायच्या आधी त्यांनी छापील प्रूफ मागितलं नसेल, तर बॉक्सवरचा रंग हा त्यांचा आणि छापखान्याचा विषय. पण तुम्ही ओकेसाठी फक्त मोबाईलवर चित्र पाठवलं असेल, तर त्यांच्या तक्रारीत थोडा दम आहे.

रंगरेषा
छपाईची पीडीएफच मेल केली होती, खाली 'प्रूफ काढून बघा' असं लिहून. प्रूफ त्यांनी काढलं नाही.

जुना_छापखानेवाला
झालं तर. डिझाईन चांगलं की वाईट या वादात शिरूच नका, तिथे पाहुणेच जिंकणार. मंजूर फाईलपेक्षा वेगळं काय आलं, एवढंच विचारा. साधारण असं:

'नमस्कार शेठ. आपला 11 जुलैचा मेसेज मिळाला. आपण 4 जूनच्या मेलने डिझाईन मंजूर केलं होतं. त्यानंतर आपण 5 जूनला पाठवलेला एफएसएसएआय नंबर तेवढा टाकला आणि 6 जूनला फाईल दिली. मंजूर फाईल आणि तो मेल सोबत जोडला आहे. मी दिलेल्या फाईलमध्ये मंजुरीपेक्षा काही वेगळं असेल, तर नेमकं कुठे ते कळवा, मी विनामोबदला दुरुस्त करून देईन. रंग किंवा मांडणी आता बदलायची असेल तर तेही करू, पण ते नवीन काम होईल आणि त्याचा दर आधी कळवेन. पहिल्या कामाचे उरलेले 12,000 रुपये कृपया 25 जुलैपर्यंत पाठवावेत.'

'माफ करा, आवडलं नाही याचं वाईट वाटतं' असलं काही घालू नका. तेच वाक्य पुढे तुम्हाला दाखवतील. आणि फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका.

कृष्णाकाठ
आणि माझी नोटीस?

जुना_छापखानेवाला
ताईंची उद्यम नोंदणी कामाच्या आधीची असेल तर पुढे उपयोग आहे. पण 45 दिवस ही लेखी मुदत ठरलेली असेल तेव्हाची कमाल मर्यादा. मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवस. ताईंच्या उपयोगाचं कलम दुसरंच आहे. त्या 2006च्या कायद्यात, काम मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. 6 जून ते 11 जुलै, तुम्हीच मोजा. पहिल्याच पत्रात मात्र कायदा काढू नका. यार्डातलं माणूस आहे, चार ठिकाणी बोलेल.

कृष्णाकाठ
मला पटत नाही. भीती दाखवल्याशिवाय यार्डात पैसे सुटत नाहीत.

रंगरेषा
नोंदणी मागच्या वर्षीची आहे. पत्र पाठवलं. तासाभरात उत्तर आलं: 'भावाशी बोलून सांगतो. तोवर ओपन फाईल पाठवा, छापखानावाला रंग बघून घेईल.' ठरलं तेव्हा ओपन फाईलचं, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ फाईलचं, बोलणंच झालं नव्हतं. देऊ का?

अल्बमवाला_सातारा
अजिबात नको! फाईल गेली की पैसे गेले.

जुना_छापखानेवाला
12,000 जमा झाल्यावर द्या, हे मलाही पटतं. पण ठरलेलं नसताना तिचे वेगळे पैसे मागायचे का, यावर आमच्या धंद्यातच दोन तट आहेत. मी मागितले नसते.