उत्तर: चित्र रंगवतानाच्या टाइमलॅप्समध्ये उजेड लुकलुकतो

> खिडकी बंद, दिवा एकच, तरी चित्र सारखं उजळतं-काळवंडतं. आणि प्रिंटसाठी त्याच व्हिडिओतली शेवटची फ्रेम चालेल का?

दिव्याआधी कॅमेऱ्याची सेटिंग बघा, तो बहुतेक ऑटोवर असणार. तुमची गडद बाही कागदावर आली की तो उजेड वाढवतो, हात बाजूला गेला की कमी करतो. शूट करताना हे जाणवत नाही, पण वेग तीसपट केला की लुकलुक दिसते. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही लॉक करा. मग कोऱ्या कागदावरून हात फिरवून बघा, कागदाची कडा जराही बदलता कामा नये. (मी फोकस विसरलो होतो. दोन तास कॅमेरा ब्रशच्या मागे धावत होता.)

प्रिंटसाठी ती फ्रेम नको. फोर-के फ्रेमची उंची २१६० पिक्सेल. आडवा ए-फोर कागद त्यातला दोन-तृतीयांश भाग व्यापत असेल, तर ८.३ इंचांना १४४० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला जेमतेम १७४. चांगल्या प्रिंटला ३०० लागतात. शिवाय व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये कागदाचा पोत पुसला जातो. रंग पूर्ण वाळला की चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे दुप्पट आकाराची प्रिंटही निघेल.